शब्द दिलेल्या माणसाला आठवण करताना

«ज्याला करायचंय तो न सांगता करतो. ओळख करून देतो म्हणणाऱ्याच्या मागे लागणं ही लाचारी आहे, आणि तुम्ही मुलांना तीच शिकवताय.»

तुमचा मुद्दा स्वाभिमानाचा आहे आणि त्याचा मला आदर वाटतो, पण नोकरीसाठीची ओळख अडते कुठे ते पाहा. शब्द देणाऱ्याला त्याच्या मॅनेजरला काहीतरी लिहावं लागतं: ही मुलगी कोण, काय करते, कुठल्या जागेसाठी. ते त्याच्याजवळ तयार नसतं. रात्री निवांत लिहू म्हणतो आणि राहून जातं. त्यात मनाचा खोटेपणा क्वचितच असतो.

म्हणून ‘दादा, काही झालं का?’ एवढंच विचारलं, तर त्याचं काम तिथंच राहतं आणि वर संकोच वाढतो. हिंजवडीत टेस्टिंग करणाऱ्या एका मुलीला मी आधीच्या ऑफिसातल्या सीनियरसाठी हा निरोप सुचवला. जुन्या मेसेजलाच रिप्लाय करायचा, म्हणजे आधीचं बोलणं त्याच्यासमोर येतं:

‘दादा, मागच्या आठवड्यात तुम्ही तुमच्या मॅनेजरशी ओळख करून देतो म्हणाला होतात. ती जागा अजून पोर्टलवर आहे, शुक्रवारी बंद होतेय. खाली चार ओळी लिहिल्यात, तशाच पुढे पाठवल्या तरी चालतील. आत्ता जमण्यासारखं नसेल तर मोकळेपणानं सांगा, मी गुरुवारी थेट अर्ज करते.’

खालच्या चार ओळी वेगळ्या मेसेजमध्ये, तिच्याबद्दल, पण त्याच्या तोंडी शोभतील अशा: ‘माझ्यासोबत काम केलेली टेस्टर. पाच वर्षांचा अनुभव, सेलेनियम आणि जावा, सध्या बँकिंग प्रॉडक्टवर. नोटीस पिरियड ६० दिवस. रेझ्युमे जोडलाय.’ शेजारी जॉब आयडी. त्याला फक्त फॉरवर्ड दाबायचं उरतं. यात हात पसरणं मला तरी दिसत नाही.

गुरुवारपर्यंत थांबण्याला कारण आहे. बऱ्याच कंपन्यांत उमेदवाराने आधी स्वतः अर्ज भरला, की मग कर्मचाऱ्याचं रेफरल नोंदलं जात नाही. त्यामुळे त्याला आधी संधी द्यायची. पण त्याच्या भरवशावर जागा बंद होऊ द्यायची नाही, म्हणून निरोपातच तारीख हवी. ‘नाही’ म्हणायची वाटही मनापासून ठेवायची. कदाचित मॅनेजरला दुसरंच कुणी हवं असेल, किंवा तुमच्या कामाची हमी द्यायला तो कचरत असेल. तसं असेल तर ते लवकर कळलेलं बरं.

तुम्ही म्हणता तसं मागे लागणं मलाही मान्य नाही. एक आठवण, फार तर तारखेच्या आदल्या दिवशी दुसरी. तरीही उत्तर नसेल तर अर्ज भरायचा आणि त्याला एका ओळीत तसं कळवायचं. मात्र लिंक्डइनवर मॅनेजरला गाठून ‘अमुक दादांनी तुमचं नाव सुचवलं’ असं त्या दादांना न विचारता लिहू नये. मॅनेजरने त्याच्याकडे चौकशी केली, तर त्याला काय उत्तर द्यावं तेच सुचणार नाही.