घराच्या विम्यात फ्रिजचा बिघाड येत नाही हो

"घराचा विमा असला की फ्रिज, टीव्ही, वॉशिंग मशीन सगळं त्यातच कव्हर होतं. एक्स्टेंडेड वॉरंटीचे पैसे वाया घालवू नका. आणि दोन्ही असेल तर दोन्हीकडून क्लेम मिळतो!"

हा मेसेज वाचून अमळनेरच्या माझ्या मावशीने फ्रिजची वाढीव वॉरंटी घेतली नाही. तिसऱ्या वर्षी, ऐन मे महिन्यात फ्रिजचा बोर्ड गेला. कंपनीची एक वर्षाची वॉरंटी कधीच संपलेली, कॉम्प्रेसरवर दहा वर्षं लिहिलंय पण बोर्ड त्यात येत नाही. विम्याचा क्लेम टाकला तर नामंजूर. मावशी फोनवर म्हणे, "आते काय करू रे भाऊ?"

आता नीट ऐका. १ एप्रिल २०२१ पासून विमा कंपन्यांवर देखरेख करणाऱ्या आयआरडीएआयने घरासाठी 'भारत गृह रक्षा' ही एकसारखी पॉलिसी आणली, तिची अटींची प्रत कुणीही वाचू शकतो. ती आग, पूर, वादळ, भूकंप, दंगल अशा संकटांसाठी आहे. वस्तू आपोआप धरतात हे खरं, घराच्या विमा रकमेच्या २० टक्के, जास्तीत जास्त १० लाख, म्हणजे बांधकामाचा २० लाखांचा विमा असेल तर सामानाला ४ लाख. पण त्याच प्रतीत अपवाद आहे, शॉर्टसर्किट, जास्त लोड किंवा वीजगळतीने बिघडलेलं विजेचं यंत्र भरून मिळत नाही. आणि गंमत नाही, हे नीट समजून घ्या: हा अपवाद फक्त त्याच यंत्रापुरता. मावशीच्या फ्रिजमधून आग लागून ओट्यावरचा मिक्सर आणि ट्रॉल्या जळाल्या असत्या तर त्यांचे पैसे मिळाले असते, फ्रिजचे नाही.

वाढीव वॉरंटी नेमकी याच्या उलटी. आतला पार्ट आपोआप गेला तर ती दुरुस्ती देते, पण पुराचं पाणी, आग, आणि बहुतेक ठिकाणी व्होल्टेजचा झटकाही बाहेर. म्हणून मेकॅनिक जॉब शीटवर काय कारण लिहितो ते सही करण्याआधी वाचा. मावशीच्या शीटवर 'बोर्डमधला पार्ट निकामी' असं होतं, वॉरंटी असती तर साडेसहा हजार वाचले असते.

दोन्हीकडून क्लेम? नुकसानभरपाई एकदाच मिळते, नफा नाही.

एक गोष्ट मात्र मान्य करतो, काही पॅकेज पॉलिसींमध्ये घरगुती उपकरणांच्या बिघाडाचा वेगळा भाग असतो. तो घेतलेला असेल तर वॉरंटीशी खरंच दुबार होतं. मावशीच्या पॉलिसीत तो नव्हता, मी शेड्यूलचं पान उघडून तिच्यासमोर पाहिलं.