शून्य अंशाच्या हवेतही उष्णता असते

"ईव्हीतला हीट पंप हा निव्वळ मार्केटिंगचा खेळ आहे. साधा हीटर शंभर टक्के कार्यक्षम असतो, त्याच्या वर जाणं म्हणजे ऊर्जेच्या अक्षय्यतेचा नियम मोडणं. बाहेर बर्फ पडत असताना थंड हवेतून उष्णता येणार कुठून? आणि कडाक्याच्या थंडीत शेवटी हीटरच लावावा लागतो."

हीट पंपावर असे आक्षेप अनेकदा ऐकू येतात, ते एकेक करून पाहू. पहिला मुद्दा नियमाचा. हीटर एक युनिट वीज जाळतो आणि एक युनिट उष्णता देतो, हे खरंच आहे. पण हीट पंप सगळी उष्णता विजेपासून बनवत नाही. तो बाहेरची उष्णता उचलून आत आणतो, आणि वीज लागते ती फक्त या उचलण्यासाठी; तीही शेवटी उष्णता होऊन आतच येते. केबिनला ३ किलोवॅट उष्णता हवी असेल, तर बॅटरीतून साधारण १.२ किलोवॅट घेतले जातात आणि उरलेले १.८ बाहेरच्या हवेतून येतात. बेरीज ३ च होते. नियम कुठेही मोडत नाही.

आता थंड हवेचा प्रश्न, कारण खरी गंमत तिथे आहे. उष्णता नेहमी जास्त तापमानाकडून कमी तापमानाकडे जाते. तेव्हा शून्य अंशाच्या हवेतून उष्णता घ्यायची, तर तिच्यापेक्षाही थंड काहीतरी तिच्यासमोर ठेवावं लागतं. हे काम एसीतला गॅस करतो. आजच्या बऱ्याच गाड्यांत आर-१२३४वायएफ हा गॅस असतो आणि साध्या वातावरणीय दाबाला तो उणे २९ अंशांच्या आसपास उकळतो. एक्सपान्शन व्हॉल्व्हमधून तो बाहेर पडतो तेव्हा दाब सुमारे २.२ बारवर येतो आणि तो उणे १० अंशांना उकळू लागतो. पुढच्या जाळीमागच्या कॉइलवरून शून्य अंशाची हवा वाहते, ती या गॅसच्या मानाने गरमच असते. तिची उष्णता घेऊन गॅसची वाफ होते. मग कॉम्प्रेसर ही वाफ १३ बारच्या आसपास दाबतो, आणि त्या दाबाला ती ५० अंशांना पुन्हा द्रव होते. द्रव होताना सोडलेली उष्णता केबिनच्या हवेला मिळते. घरातला फ्रिज हेच करतो, आतली उष्णता मागच्या जाळीतून बाहेर टाकतो.

याचा आणखी एक फायदा फारसा कोणी सांगत नाही. मोटर आणि इन्व्हर्टर थंड करणारं कूलंट १५ अंशांचं असेल, तर त्याने २२ अंशांची केबिन थेट तापवता येत नाही. पण शून्य अंशाला उकळणारा गॅस त्यातूनही भरपूर उष्णता घेतो. तशी जोडणी असलेल्या गाडीत ही वाया जाणारी उष्णताही कामी येते.

हिशोब करून पाहू. ऑस्लोत शून्य अंशाचा दिवस, वेग ताशी ५० किलोमीटर, आणि गाडी चालवायलाच १०० किलोमीटरला १५ युनिटं, म्हणजे ७.५ किलोवॅट. हीटरचे ३ मिळवले की १०.५ होतात, हीट पंपाचे १.२ मिळवले की ८.७. वापरता येणारी बॅटरी ६० युनिटांची धरली, तर हीटरवर गाडी सुमारे २८५ किलोमीटर जाते आणि हीट पंपावर सुमारे ३४५. गर्दीत वेग निम्मा झाला तर फरक आणखी वाढतो, कारण हीटर किलोमीटर मोजत नाही, तास मोजतो. उलट हायवेवर फरक कमी होतो.

शेवटच्या मुद्द्यात मात्र तथ्य आहे. थंडी वाढली की कमी दाबाची वाफ विरळ होते, कॉम्प्रेसरच्या प्रत्येक फेऱ्यात कमी गॅस फिरतो, आणि १.२ किलोवॅटमध्ये ३ मिळण्याचा अडीच पटीचा फायदा उणे १० ला दीड-दोन पटीवर येतो. उणे २० च्या खाली अनेक गाड्यांत तो जवळपास संपतो. म्हणून पुष्कळ कंपन्या सोबत छोटा पीटीसी हीटर, म्हणजे थेट विजेवर तापणारा साधा हीटर, देतात. गारठलेली गाडी सुरू केल्यावर पहिली काही मिनिटं तोच जास्त राबतो. रोजचा प्रवास पाच-सात मिनिटांचा असेल, तर हीट पंपाची बचत फार दिसणार नाही. चार्जरला लावलेली असतानाच गाडी तापवून घेणं तिथे जास्त उपयोगी.

दमट थंडीत, शून्याच्या जरा वर-खाली, बाहेरच्या कॉइलवर दंव गोठतं आणि हवा अडते. मग गाडी काही वेळ चक्र उलटं फिरवून ते वितळवते. त्या वेळी बॉनेटपुढून पांढरी वाफ निघते. धूर समजून अनेक जण घाबरतात, पण जळका वास नसेल आणि वाफ लगेच विरत असेल, तर ते वितळलेलं पाणीच असतं.

पुण्या-मुंबईत राहणाऱ्याने यासाठी जादा पैसे मोजावेत असं मी म्हणणार नाही, तिथे हीटर लागतो तरी किती? टोरोंटो, म्युनिक किंवा ऑस्लोत गाडी घेणाऱ्याने मात्र ऑर्डर देण्याआधी त्या मॉडेलमध्ये हीट पंप आहे का, हे नक्की विचारावं, कारण काही कंपन्या तो वेगळा पर्याय म्हणून देतात.