नमुने आणणाऱ्यांचे फक्त आभार? त्या व्हायरल मेसेजला उत्तर

“प्रोजेक्टचा पेपर काढताय? मग हे वाचा. १) गाईडचं नाव पहिलं, हा नियमच आहे. २) ज्याने पेपर लिहिला तोच लेखक, नमुने आणणारे, मोजमाप करणारे यांचे शेवटी आभार मानायचे. ३) भांडण नको असेल तर रोल नंबरप्रमाणे नावं टाका. ४) एचओडींचं नाव घातलं की पेपर लवकर लागतो. ५) आधी सबमिट करा, नावं नंतर कधीही बदलता येतात. जास्तीत जास्त ग्रुपवर पाठवा.”

हा मेसेज मला भाचीने पाठवला. खाली तिची एकच ओळ होती : “आत्या, म्हणजे माझं नाव जाणार का?” ती कोल्हापुरातल्या एका महाविद्यालयात पर्यावरणशास्त्राच्या शेवटच्या वर्षाला आहे. चौघांचा गट, विषय पंचगंगेचं पाणी. मसुदा तयार झाला, त्याच रात्री हा मेसेज वर्गाच्या ग्रुपवर फिरला आणि सकाळी मसुदा उघडला तर लेखकांच्या ओळीतून तिचं नाव गेलेलं. ते शेवटच्या आभारात होतं, तेही गाडीला पेट्रोल घालणाऱ्या मुलाच्या नावाशेजारी. मी प्रयोगशाळेतच काम करते. असल्या मेसेजने काय नुकसान होतं ते रोज बघते, म्हणून गप्प बसवत नाही.

पाचांतला सगळ्यात घातक मुद्दा दुसरा, म्हणून सुरुवात तिथूनच.

पाण्याचा नमुना आणणं म्हणजे बादली बुडवून आणणं नव्हे. प्रयाग चिखलीपासून इचलकरंजीपर्यंत सहा ठिकाणं, प्रत्येक ठिकाणी पाच फेऱ्या, म्हणजे तीस नमुने. विरघळलेला ऑक्सिजन मोजायचा तर बाटली काठोकाठ भरावी लागते. आत एक बुडबुडा राहिला तरी आकडा चुकतो. मग तिथंच, नदीकाठी उभं राहून मँगनीज सल्फेट आणि अल्कलाइन आयोडाइड घालायचं, म्हणजे ऑक्सिजन बांधला जातो आणि घरी येईपर्यंत बदलत नाही. तळाशी तपकिरी साका बसला तर पाण्यात ऑक्सिजन आहे. पांढराच राहिला तर जवळजवळ नाहीच. शहराचं सांडपाणी नदीत आणणाऱ्या जयंती नाल्याच्या बाटलीत साका पांढरा राहिला, तेव्हा भाचीने ती बाटली वाईट भरली गेली असेल असं धरून दुसरी भरली. तीही पांढरीच. मग वहीत वेळ, तापमान, पाण्याचा रंग आणि “दोनदा तपासलं” असं लिहून ठेवलं. कुठला आकडा खरा आणि कुठला हाताच्या चुकीचा, हे ठरवण्याचंच हे काम आहे. याला हमाली म्हणणाऱ्याने एकदा पहाटे सहाला नाल्यावर उभं राहून बघावं.

तिला मसुद्यातून काढल्यावर काय झालं असतं, तेही सांगते. मी तिला म्हटलं, “नावाचं नंतर बघू, आधी तक्ते वाच.” नाल्याच्या ओळीत बीओडी ३ मिलिग्रॅम प्रतिलिटर छापलं होतं. बीओडी म्हणजे घाण खाताना जंतू तीन दिवसांत पाण्यातला किती ऑक्सिजन संपवतात त्याचं माप. तिने लगेच वही उघडली. घाण पाण्याची बीओडी थेट मोजता येत नाही, कारण त्यातला ऑक्सिजन तीन दिवस पुरतच नाही. म्हणून नमुना पातळ करतात. हिने ३०० मिलिलिटरच्या बाटलीत फक्त ३० मिलिलिटर नाल्याचं पाणी घेतलं होतं, बाकी पातळ करायचं स्वच्छ पाणी. पहिल्या दिवशी ऑक्सिजन ७.२, सत्तावीस अंशाला तीन दिवस ठेवल्यावर ४.२, फरक ३. पण पाणी दहापट पातळ केलेलं, म्हणून बीओडी ३ नव्हे, ३०. आकडेमोड करणाऱ्या मुलाला फक्त पहिले दोन आकडे मिळाले होते. दहाची गोष्ट वहीत होती आणि वही हिच्याकडे.

हा फरक किरकोळ नाही. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या निकषाप्रमाणे आंघोळीच्या पाण्याची बीओडी ३ किंवा त्याहून कमी हवी. म्हणजे छापलेल्या तक्त्यानुसार सांडपाण्याचा नाला बीओडीपुरता आंघोळीच्या निकषात बसत होता. आणि ही चूक पकडू शकणारी एकमेव व्यक्ती आभारात गेली होती, जिथं मसुदा दाखवायची पद्धतच नसते.

आता नियम. वैद्यकीय नियतकालिकांच्या संपादकांची एक आंतरराष्ट्रीय समिती आहे, आयसीएमजेई. तिच्या शिफारशी वैद्यकाबाहेरची अनेक नियतकालिकंही मानतात. लेखक ठरवायला तिथं चार अटी आहेत आणि चारही लागतात. पहिली : कल्पना, आराखडा, माहिती मिळवणं, विश्लेषण किंवा अर्थ लावणं यांपैकी कशात तरी भरीव वाटा. “माहिती मिळवणं” तिथं स्पष्ट लिहिलंय. दुसरी : मसुदा लिहिणं किंवा बारकाईने तपासून सुधारणं. तिसरी : छापायच्या अंतिम प्रतीला संमती. चौथी : कामाच्या सचोटीची जबाबदारी घेणं.

मेसेजवाला म्हणेल, बघा, दुसरी अट लिहिण्याचीच आहे. अर्धवट वाचलं की असं होतं. त्याच शिफारशींत पुढं म्हटलंय की पहिली अट पूर्ण करणाऱ्या प्रत्येकाला मसुदा तपासायची आणि संमती द्यायची संधी मिळालीच पाहिजे. संधीच न देता त्याला लेखकांतून बाद करायला या अटी वापरायच्या नाहीत. मसुदा दाखवायचा नाही आणि मग “तू लिहिलं नाहीस” म्हणायचं, नेमकं हेच तिथं नाकारलंय. भाचीने तक्ता दुरुस्त केला, पद्धतीचा भाग स्वतः पुन्हा लिहिला, अंतिम प्रत वाचून होकार दिला. चारही अटी झाल्या.

पेट्रोल घालणाऱ्या मुलाचं, म्हणजे गटातल्या चौथ्याचं, मात्र वेगळं. त्याने गाडी दिली, एका फेरीला सोबत आला, संदर्भ टाइप केले. त्याला आभारच योग्य, पण “सर्व मित्रांचे आभार” असं मोघम नको. त्याचं नाव आणि त्याने काय केलं ते लिहायचं, त्याला विचारून. एवढ्यापुरता तो मुद्दा खरा आहे, मान्य करते.

पहिल्या मुद्द्यातला “नियम” मला कुठंच सापडत नाही. उलट पीएचडीच्या प्रबंधावर मुख्यत्वे आधारलेल्या पेपरात विद्यार्थीच प्रमुख लेखक, असं अमेरिकन मानसशास्त्र संघटनेची आचारसंहिता सांगते. तुमचं पीएचडी नाही हे खरं, पण दिशा तीच. गाईड पहिलं नाव का मागतात हेही समजून घ्या. यूजीसीच्या २०१८ च्या नियमावलीत प्राध्यापकांच्या संशोधन गुणांचा तक्ता आहे. दोनपेक्षा जास्त लेखक असले तर पेपरच्या गुणांतले ७० टक्के पहिल्या, प्रमुख किंवा पत्रव्यवहार करणाऱ्या लेखकाला, बाकीच्यांना प्रत्येकी ३०. म्हणजे कळीचा शब्द “पत्रव्यवहार करणारा” हा आहे. सरांनी शेवटचं नाव आणि पत्रव्यवहाराची जबाबदारी घेतली तर त्यांचे गुण कुठं जात नाहीत आणि विद्यार्थ्याचं पहिलं नावही शाबूत राहतं. ते सोयीचंही आहे, कारण पास झाल्यावर विद्यार्थ्यांचे कॉलेजचे ईमेल बंद पडतात आणि दोन वर्षांनी कुणी आकडे मागितले तर उत्तर द्यायला कुणीतरी हवं. भाचीच्या गाईडबाईंना हे तिने जाऊन सांगितलं. “असं आहे होय? मग माझं शेवटी घ्या,” इतकंच त्या म्हणाल्या. त्यांनी ऑक्सिजन मोजायची ही विंकलर पद्धत दोन दिवस शिकवली होती, ठिकाणं बदलायला लावली होती, मसुदा दोनदा तपासला होता. त्या लेखिका आहेतच.

रोल नंबर? गणितात आणि अर्थशास्त्रात आडनावाच्या अक्षरक्रमाने नावं टाकतात, तिथली ती रूढ पद्धत आहे आणि वाचणाऱ्यालाही ती ठाऊक असते. पर्यावरणशास्त्रात पहिलं नाव म्हणजे सगळ्यात जास्त वाटा, असंच वाचणारा धरतो. त्यामुळं रोल नंबर लावून भांडण मिटत नाही, फक्त वाचणाऱ्याला चुकीची माहिती जाते.

मग क्रम कसा लावला? चौघं एका संध्याकाळी बसले आणि कागदावर प्रश्न, आराखडा, मोजमाप, विश्लेषण, लेखन असे पाच रकाने आखले. प्रत्येकाने आधी दुसऱ्यांचे वाटे लिहिले, मग स्वतःचा. नाला मिळण्याआधी आणि नंतर तुलना करायची हा प्रश्न भाचीच्या मैत्रिणीचा, आराखडाही तिचाच आणि मसुद्याचा बहुतेक भाग तिने लिहिलेला. मोजमाप जवळजवळ पूर्ण भाचीचं, लेखनात एक भाग. विश्लेषण आणि नकाशे तिसऱ्याचे. मैत्रीण पहिली, भाची दुसरी, तो तिसरा, बाई शेवटी. भाची थोडी खट्टू झाली. पण प्रश्न कुणाचा होता हे वहीच्या पहिल्या पानावर मैत्रिणीच्या अक्षरात, तारखेसह आहे. माझी भाची असली तरी माझं मत तेच : दुसरं नाव बरोबर आहे. वाटे अगदीच सारखे असते तर दोघींच्या नावांवर खूण करून “समान वाटा” अशी टीप टाकता आली असती. इथं ते खोटं ठरलं असतं.

चौथ्या मुद्द्याला दोन ओळी पुरेत. एचओडींनी परवानगीच्या पत्रावर सही केली. आयसीएमजेईच्या त्याच शिफारशींनुसार निधी मिळवणं, सर्वसाधारण देखरेख किंवा प्रशासकीय मदत एवढ्यावर कुणी लेखक होत नाही. आणि ज्याने काम पाहिलंच नाही त्याने ३ की ३० याची जबाबदारी कशी घ्यायची?

पाचवा मुद्दा मुलांना हमखास अडकवतो. सबमिट केल्यावर एक नाव घालायचं, काढायचं किंवा पुढंमागं करायचं म्हटलं की संपादक कारण विचारतात आणि सगळ्या लेखकांची लेखी संमती मागतात, काढल्या जाणाऱ्याचीसुद्धा. एकाने नकार दिला की पेपर तिथंच थांबतो. संपादक तुमचं भांडण सोडवत नाहीत, कॉलेजकडे परत पाठवतात. तोवर निकाल लागलेला, एकजण पुण्याला नोकरीला, दुसऱ्याचा फोन लागत नाही.

म्हणून तो रकान्यांचा कागद सबमिट करायच्या आधीच सगळ्यांच्या सहीने पक्का झाला. त्यावरूनच पेपरातली वाट्याची टीप लिहिली. त्यासाठी चौदा भूमिकांची ‘क्रेडिट’ नावाची ठरीव यादी आहे, बरीच नियतकालिकं तीच मागतात. भाचीच्या नावापुढं आता लिहिलंय : क्षेत्रकाम व मोजमाप, आकडेवारीची पडताळणी, पद्धतीच्या भागाचं लेखन. पडताळणीची भूमिका मैत्रिणीनेच आग्रहाने घालायला लावली, आणि तक्त्यात नाल्याच्या ओळीत ३० आहे.