लॉगमधली चूक ५० पट झाल्यावर पहिला अंक कितपत खरा? : एका प्रतिक्रियेला उत्तर

प्रतिक्रिया: «७ च्या ५० व्या घाताचा पहिला अंक तुम्ही लॉग टेबलवरून काढलात. पण ०.८४५१ ही किंमतच मुळात अंदाजे आहे आणि तिला ५० ने गुणले की चूकही ५० पट होते. मग पहिला अंक १ बरोबर आला, हा योगायोगच नाही का? शिवाय तुम्ही सुरुवातीचे चार अंक १७९९ असे छापले आहेत, प्रत्यक्षात ते १७९८ आहेत.»

नमस्कार. तुमचा दुसरा आक्षेप आधी घेतो, कारण तो पूर्णपणे मान्य आहे. लॉग टेबलच्या शेवटी असलेल्या अँटिलॉगच्या कोष्टकात ०.२५५० समोर १७९९ दिसले आणि मी ते चारही अंक जसेच्या तसे उतरवले. तसे करायला नको होते. ही संख्या ४३ अंकी असून तिची सुरुवात १७९८४६५ अशी होते. लेखात दुरुस्ती केली आहे.

पहिल्या आक्षेपात चूक ५० पट होते हे बरोबर आहे, पण तेवढ्यावरून उत्तराला योगायोग म्हणता येत नाही. ती चूक जास्तीत जास्त किती असू शकते हे आपल्याला आधीच ठाऊक असते. चार दशांश स्थळांच्या कोष्टकात प्रत्येक किंमत फार तर ०.००००५ ने चुकलेली असते. तिची ५० पट म्हणजे ०.००२५. गुणाकार ४२.२५५ आला, म्हणून खरा लॉग ४२.२५२५ आणि ४२.२५७५ यांच्या दरम्यान कुठेतरी असलाच पाहिजे. त्यातला ४२ हा पूर्णांक भाग म्हणजे १० चा ४२ वा घात, आणि तो फक्त शून्ये पुरवतो, म्हणजे दशांश चिन्ह सरकवतो. अंक कोणते हे उरलेला अपूर्णांक भाग ठरवतो. तो ० आणि लॉग २ म्हणजे ०.३०१० यांच्या मध्ये असेल तर संख्येची सुरुवात १ ने होते. आपला ०.२५२५ ते ०.२५७५ हा पट्टा सगळाच्या सगळा त्या मर्यादेत बसतो, म्हणून पहिला अंक १ हे सिद्ध झाले.

दुसऱ्या अंकाला मात्र हा तर्क लागू पडत नाही. लॉग १.८ ची किंमत ०.२५५३ आहे आणि ती नेमकी या पट्ट्याच्या आत येते, त्यामुळे सुरुवात १७ की १८ हे चार स्थळांच्या कोष्टकावरून ठामपणे सांगता येत नाही. माझ्या उत्तरातला ७ बरोबर ठरला तो मात्र नशिबाने, कारण ७ चा लॉग ०.८४५०९८०४ असल्याने ०.८४५१ मधली चूक फक्त सुमारे ०.०००००२ इतकीच आहे.

लॉगवर विश्वासच नसेल तर ताळा असा करता येतो. ७ चा १० वा घात २८,२४,७५,२४९ आहे, म्हणजे तो २८.२ कोटी आणि २८.३ कोटी यांच्या मध्ये आहे. त्याचा पाचवा घात घ्यायचा. २.८२ चा पाचवा घात सुमारे १७८.३ आणि २.८३ चा सुमारे १८१.५ येतो. पहिला अंक दोन्हीकडे १ आहे, आणि गंमत म्हणजे दुसऱ्या अंकाची शंका इथेही तशीच उरते.

तुमची भीती खरी ठरते ती २ च्या १९६ व्या घाताला. कोष्टकातली किंमत ०.३०१० घेऊन गुणल्यास ५८.९९६ येते, म्हणजे ९ ने सुरू होणारी ५९ अंकी संख्या. प्रत्यक्षात ही संख्या ६० अंकी आहे आणि तिची सुरुवात १००४ ने होते. पहिला अंक आणि अंकांची संख्या, दोन्ही चुकले. पण इथेही कोष्टक फसवत नाही, चूक जास्तीत जास्त किती असू शकते हे काढायला आपण विसरतो. १९६ गुणिले ०.००००५ म्हणजे ०.००९८, आणि ५८.९९६ च्या दोन्ही बाजूंना एवढी जागा सोडली की मध्ये ५९ येतो. पट्ट्यात सीमा आली की उत्तर द्यायचे नाही, जास्त स्थळांचा लॉग घ्यायचा. ०.३०१०३ घेतला तर ५९.००१८८ येते, मर्यादा ०.००१ च्या आत राहते आणि पहिला अंक १ असल्याचे स्पष्ट होते.

घातांक मोठा झाला की स्थळेही वाढवावी लागतात. ७ च्या दहा लाखाव्या घातासाठी चार स्थळांच्या कोष्टकातली चूक ५० पर्यंत जाऊ शकते, तिथे अपूर्णांक भागाचा काही मागमूसच उरत नाही. त्याच कामाला दहा स्थळांचा ०.८४५०९८०४०० हा लॉग घेतला तर अपूर्णांक भाग ०.०४०० येतो, चूक ०.००००५ च्या वर जात नाही आणि संख्येची सुरुवात १०९ ने होते हे निश्चित सांगता येते.