दाढ सडलेली नाही, कळ नसेची आहे

"दाढेत करंट मारल्यासारखी कळ येते म्हणजे आतली नस सडली. बधिर केल्यावर कळ थांबली की समजा हीच दाढ. काढून टाका, दुखणं मुळासकट जातं. माझ्या काकूंची काढली, दोन महिने एकदाही दुखलं नाही."

मी दातांची डॉक्टर आहे आणि या सल्ल्यामुळे झालेलं नुकसान मी पाहते.

नस सडलेली दाढ ठणकते. गार पाण्याने उठलेला ठणका पाणी गिळल्यावरही अर्धा मिनिट, कधी त्याहून जास्त टिकतो आणि रात्री आडवं झालं की वाढतो. विजेसारखी सणक काही सेकंदांत, फार तर दोन मिनिटांत विरते. चेहऱ्याच्या एकाच बाजूला येते, झोपेतून सहसा उठवत नाही. तिला निमित्त लागतं हलक्या स्पर्शाचं: ब्रश, वारा, बोलणं. हा ट्रायजेमिनल न्यूराल्जिया. बहुतेकदा मेंदूच्या बुडाशी एखादी रक्तवाहिनी चेहऱ्याच्या नसेवर दाबते, नसेचं आवरण झिजतं आणि साधा स्पर्शही कळ बनून येतो. बिघाड तिथे, कळ मात्र दाढेत.

बधिर करण्याची परीक्षा तर हमखास फसवते. स्पर्शाने कळ उठवणारी जागाच इंजेक्शनने सुन्न होते, त्यामुळे दाढ निरोगी असली तरी कळ थांबते.

आणि काकूंचे दोन महिने? हा आजार मध्येच आपोआप शांत होतो, कधी आठवडे, कधी महिने. त्याच सुमारास दाढ काढली असेल तर श्रेय तिला मिळतं. कळ परतली की शेजारच्या दाढेवर संशय.

छप्पन्न वर्षांच्या एक बाई माझ्याकडे आल्या तेव्हा उजवीकडच्या वरच्या दोन दाढा गेलेल्या होत्या. म्हणाल्या, "मॅडम, आता ही तिसरी काढा." दाढेला बर्फ लावला, गार लागलं, बर्फ काढताच थांबलं. ठोकून पाहिलं, दुखलं नाही. एक्स-रेत मुळाभोवतीचं हाड ठीक. मग नाकपुडीशेजारी कापसाचा धागा फिरवला आणि त्यांनी गालावर हात दाबून डोळे मिटले. उजवा गाल त्या कित्येक आठवडे धूत नव्हत्या.

दाढ राहू दिली आणि त्यांना न्यूरॉलॉजिस्टकडे पाठवलं. तिथे कार्बामाझेपिन १०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा सुरू झालं, एमआरआयही झाला. चौथ्या दिवशी त्यांनी तोंड धुतलं. नेहमीच्या वेदनाशामकांनी हे होत नाही. पण ही गोळी मनाने घ्यायची नाही: अंगावर पुरळ आलं तर लगेच डॉक्टरांना गाठायचं, रक्तातलं सोडियमही तपासावं लागतं.

एक अपवाद मी नेहमी शोधते. तडकलेली दाढही क्षणभर तीव्र कळ देते, पण चावताना, बऱ्याचदा चावा सोडताना. म्हणून एकेका उंचवट्यावर लाकडी काडी चाववून पाहते. तशी दाढ सापडली तरी पुष्कळदा कॅप घालून वाचते.