आकृती नसताना दोन उत्तरं का दिली?

«5 सेमी त्रिज्येच्या वर्तुळात 6 आणि 8 सेमीच्या समांतर जीवा, त्यांच्यातलं अंतर काढायचं, "वरील आकृती पहा", आणि आकृतीचा पत्ता नाही. तरी तुम्ही दोन उत्तरं देऊन मोकळे झालात! ही पळवाट आहे. एक तर "आकृती पाठवा" म्हणून थांबायचं, नाहीतर सरळ 7 लिहायचं.»

तुमचा राग समजतो, पण 7 कुठून आणणार? केंद्रातून जीवेवर टाकलेला लंब जीवेला दुभागतो. म्हणून 6 सेमीची जीवा केंद्रापासून √(25 − 9), म्हणजे 4 सेमीवर, आणि 8 सेमीची √(25 − 16), म्हणजे 3 सेमीवर. इथपर्यंत आकृतीची गरजच नाही. गरज पडते ती शेवटच्या पायरीला: केंद्र दोन जीवांच्या मध्ये असेल तर 4 + 3 = 7, दोन्ही जीवा एकाच बाजूला असतील तर 4 − 3 = 1. हरवलेल्या चित्रात आपल्याला हवी होती ती एवढीच एक गोष्ट.

अशा वेळी मी नुसत्या शब्दांवरून कागदावर आकृती काढतो. मग तेच शब्द पाळून वेगळी आकृती निघते का ते बघतो. निघाली, तर त्या दोहोंत फरक कशाचा, तेवढंच विचारतो: "केंद्र जीवांच्या मध्ये आहे का?" नुसतं "आकृती पाठवा" म्हटलं की बऱ्याचदा तीच न उघडणारी फाइल परत येते. हो किंवा नाही मात्र पुस्तक समोर ठेवून कुणीही सांगू शकतं.

दोन शक्यता होत्या म्हणून दोन्ही लिहिता आल्या. प्रत्येक वेळी हे जमत नाही. 6 ओहमचे तीन रोध A आणि B यांच्यामध्ये कसे जोडलेत हे माहीत नसेल, तर परिणामी रोध 18, 9, 4 किंवा 2 ओहम येऊ शकतो. तिथे मी थांबतो, कारण एकदा फसलोय. "तिन्ही एका ओळीत आहेत" असं समोरच्यानं सांगितलं, मी एकसर जोडणी धरून 18 लिहिलं. मग आकृती आली. रोध ओळीत होते खरे, पण A पासून एक तार दुसऱ्या रोधाच्या पलीकडे गेली होती आणि पहिल्या दोन रोधांमधल्या बिंदूपासून दुसरी तार थेट B ला. तिन्ही रोधांचं एक टोक A ला, दुसरं B ला. म्हणजे समांतर जोडणी, उत्तर 2! तेव्हापासून अशा गणितात "एका ओळीत" ऐकलं की "आणखी कुठे तार जोडलीय का?" हे आधी विचारतो.

तुमचं एक म्हणणं मात्र मान्य. जीवांच्या उत्तरात माझा प्रश्न पार तळाशी गेला होता, त्यामुळे घाईत वाचणाऱ्याला दोन आकडे दिसले आणि अट दिसलीच नाही. आता तो वर घेतलाय: "आकृती पोहोचलेली नाही. केंद्र जीवांच्या मध्ये असेल तर 7 सेमी, नसेल तर 1 सेमी. तुमच्या पुस्तकात कसं आहे?"