रेघ तीनदा चढली, म्हणून काय?

"दर महिन्याचे आकडे उड्या मारतात, म्हणून तीन महिन्यांची रोलिंग सरासरी काढा. चढउतार निघून जातात, उरतो तो खरा कल. ही रेघ सलग तीन महिने वर गेली की बदल पक्का. चाचणीबिचणी लागत नाही."

हा फॉरवर्ड भाचीने पाठवला आणि खाली लिहिलं, "मामा, याच नियमाने मी आमच्या ट्रॅकरचा, म्हणजे दरमहा तोच प्रश्न विचारणाऱ्या सर्वेक्षणाचा, अहवाल लिहिलाय." मग गप्प बसवेना.

पहिलं वाक्य बरोबर आहे, मान्य करायलाच हवं. दरमहा नव्याने निवडलेल्या 400 जणांना विचारलं आणि खरं प्रमाण 40 टक्के असलं, तर कुणाचंही मत न बदलता आकडा 35 ते 45 मध्ये कुठेही येऊ शकतो. तीन महिने एकत्र केले की हा हेलकावा पावणेदोन पटीने आवरतो. पण आवरतो, निघून जात नाही.

खरा घोळ 'सलग तीन महिने' मध्ये आहे. भाचीचे जानेवारी ते जूनचे आकडे असे: 35, 41, 40, 40, 42, 41. रोलिंग सरासरी, म्हणजे दर वेळी शेवटच्या तीन महिन्यांची: 38.7, 40.3, 40.7, 41. तीन चढ, बदल पक्का! पण सगळ्यात मोठा चढ बघा. मार्चमध्ये 40, एप्रिलमध्येही 40, तरी रेघ 1.6 पॉइंट वर. कारण एवढंच की जानेवारीचे 35 सरासरीतून बाहेर पडले. मधले दोन महिने दोन्हीकडे तेच असतात, त्यामुळे रेघ हलते ती फक्त आलेल्या आणि गेलेल्या महिन्यातल्या फरकाने.

म्हणजे तीन चढांसाठी एप्रिल जानेवारीपेक्षा, मे फेब्रुवारीपेक्षा आणि जून मार्चपेक्षा जास्त असला की झालं. काहीच बदललेलं नसताना प्रत्येकाची शक्यता निम्मी, मिळून आठात एक. कच्च्या मासिक आकड्यांत सलग तीन चढ योगायोगाने येण्याची शक्यता चोवीसात एक. सरासरी काढून खोटा कल दिसण्याची शक्यता आपणच तिप्पट करून ठेवली! यात नवीन काही नाही. स्लुत्स्की या अर्थशास्त्रज्ञाने 1927 मध्ये लॉटरीच्या सोडतीतल्या आकड्यांच्या सरकत्या बेरजा करून दाखवल्या होत्या, आणि त्यांतून व्यापारचक्रासारख्या दिसणाऱ्या लाटा निघाल्या.

राहिली चाचणी. ती लागते, आणि अवघड नाही. रोलिंग रेघ चित्रापुरती ठेवा. तुलना करायची ती एकही महिना सामाईक नसलेल्या तिमाहींची. दोन्हीकडे 1,200 जण, म्हणजे फरक साधारण 4 पॉइंटच्या पुढे गेला तर दखल घ्यायची. आकड्यांना वेटिंग केलेलं असेल, म्हणजे काहींच्या उत्तरांना कमी-जास्त वजन दिलेलं असेल, तर ही मर्यादा आणखी वाढते. भाचीचा फरक 38.7 ते 41, म्हणजे 2.3.

अहवालात तिने 'वाढ झाली' खोडून 'वाढ असू शकते, अजून सिद्ध नाही' असं लिहिलंय. जुलै-सप्टेंबरची सरासरी 43 च्या वर गेली, तर पहिल्या तिमाहीशी ताडून पुन्हा बोलू.